नव्वद रुपयांचा फरक

जळगावच्या स्टेशनापलीकडे तेव्हा एक सूतगिरणी होती. पावणेचारशे माणसं कामाला. त्या सगळ्यांच्या पगाराची पत्रकं लीलाधर लिहायचा. मूळचा जामनेरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. मॅट्रिक झाला, गिरणीत चिकटला आणि पंधरा वर्षांत पगारखात्याचा हेडक्लार्क झाला. उंच, सडपातळ अंग, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, कानामागे टाक. बेरीज करताना त्याचे ओठ हलत नसत. बोट आकड्यांवरून खाली उतरायचं आणि तळाशी पोचलं की उत्तर लिहून मोकळा. कुणी म्हणे, "लीलाधरभाऊ, एकदा वरून बघा," तर तो नुसता हसायचा. त्या हसण्यात काय असायचं ते ऐकणाऱ्याला बरोबर कळायचं.

गिरणीत फंड सुरू होऊन तीनेक वर्षं झाली होती. मजुराच्या पगारातून रुपयामागे एक आणा कापायचा, तेवढाच गिरणीनं घालायचा आणि ती रक्कम दर महिन्याला बँकेत भरायची. या कपातीचा गोषवारा लीलाधर ठेवी. दर महिन्याला एक पान. पानाच्या डोक्यावर मागच्या पानावरून आणलेली रक्कम, तिच्याखाली चालू महिन्याची कपात आणि दोहोंची बेरीज 'आजवर' असं लिहिलेल्या रकान्यात. एप्रिलपासून मार्चपर्यंत हे 'आजवर' वाढत जाई. मार्चच्या पानावरचा शेवटचा आकडा म्हणजे वर्षाची कपात. तो वार्षिक पत्रकात चढवून मुंबईच्या फंड कचेरीला पाठवायचा. पत्रकाच्या तळाशी गिरणीनं एक ओळ छापून घेतली होती : 'बारा महिन्यांच्या रकमा स्वतंत्रपणे मिळवून ताळा घेतला.' तिच्यापुढे सही.

ती ओळ लीलाधरला कायम अपमानासारखी वाटायची. दर महिन्याला मिळवत मिळवत आलो, मग पुन्हा बारा आकडे कशाला मिळवायचे? ज्याला आपल्या हातावर भरवसा नाही त्यानं मिळवावेत. पहिल्या वर्षी त्यानं मिळवून पाहिले होते, बरोबर निघाले. दुसऱ्या वर्षी मिळवले नाहीत. तिसऱ्या वर्षी, म्हणजे छप्पन सालच्या एप्रिलात, त्यानं ओळ वाचलीसुद्धा नाही. सही केली, शाई टिपली आणि पत्रक टपालात टाकायला दिलं. त्यावर वर्षाची कपात होती अठरा हजार सहा रुपये आठ आणे.

मे महिन्यात मुंबईहून पत्र आलं. बँकेत भरलेल्या बारा चलनांतल्या मजुरांच्या कपातीची बेरीज सतरा हजार नऊशे सोळा रुपये आठ आणे होते. पत्रकात नव्वद रुपये जास्त आहेत. मजुरांकडून कापलेले नव्वद रुपये भरायचे राहिले आहेत काय, याचा पंधरा दिवसांत खुलासा करावा.

मॅनेजरसाहेबांनी लीलाधरला बोलावलं, कॅशियर झुलाललाही बोलावलं. झुलाल धुळ्याकडचा. पस्तिशीचा, बुटका, बोलायला हळू. पैसे मोजताना मात्र त्याच्या बोटांकडे बघत राहावं असं वाटायचं. दर महिन्याला लीलाधरच्या चिठ्ठीवरचा आकडा घेऊन तोच बँकेत जाई. त्याचा पगार पंच्याण्णव रुपये होता, आणि फरक निघाला होता नव्वदाचा. आदल्या पावसाळ्यात बायकोच्या आजारपणासाठी त्यानं गिरणीकडून उचल घेतली होती, हेही साहेबांना आठवत होतं.

"लीलाधर, तुमचं पत्रक बरोबर आहे?"

"हो साहेब."

झुलाल म्हणाला, "साहेब, मला जेवढ्याची चिठ्ठी मिळाली तेवढे मी भरले. एक पैसा कमी नाही. लीलाधरभाऊ, बाराही महिन्यांचे आकडे एकाखाली एक मांडून मिळवले होते ना तुम्ही?"

खोलीत पंखा फिरत होता. साहेबांनी मुंबईच्या पत्रासोबत परत आलेलं पत्रक उलटं करून लीलाधरपुढे सरकवलं. छापील ओळ, पुढे त्याची सही. लीलाधरला वाटलं, हा माणूस साहेबांसमोर मला बेरीज शिकवतोय. कानशिलं तापली.

"मिळवले होते," तो म्हणाला. "ताळा घेतलाय. सही काय उगीच केली?"

झुलालनं त्याच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. साहेबांना त्याच संध्याकाळी मुंबईला निघायचं होतं. त्यांनी तिजोरीच्या किल्ल्या टेबलावर ठेवायला सांगितल्या. चौकशी होईपर्यंत झुलालनं कामावर येऊ नये असं ठरलं. झुलालनं करदोड्याला बांधलेल्या किल्ल्या सोडल्या. गाठ घट्ट होती. सोडायला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवसापर्यंत ही गोष्ट सगळ्या खात्यांत पसरली. कॅशियरनं मजुरांचा फंड खाल्ला. कताईतली माणसं जेवणाच्या सुटीत झुलालच्या रिकाम्या खिडकीकडे बघून थुंकायची. लीलाधर आपल्या टेबलाशी होता. आपण खोटं बोललो हे त्याला ठाऊक होतं. पण बेरीज बरोबरच असणार, मग त्या बोलण्यानं बिघडलं काय, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती.

आठवड्यानं साहेब परतले. मुंबईला खुलासा जायचा होता. सोबत महिनेवार कपातीची यादी जोडायची म्हणून त्यांनी लीलाधरला ती तयार करायला सांगितली. दुपारच्या भोंग्याला सगळे डबे घेऊन बाहेर गेले तेव्हा तो यादी लिहायला बसला. पगारपत्रकं समोर ठेवून त्यानं एप्रिल ते मार्च बारा रकमा एकाखाली एक लिहिल्या. बोट खाली उतरलं. तळाशी पोचलं. उत्तर आलं सतरा हजार नऊशे सोळा रुपये आठ आणे.

त्यानं पुन्हा मिळवलं. या वेळी खालून वर. आकडा तोच.

मग त्याचे ओठ हलायला लागले. लहान मुलासारखं त्यानं आणे वेगळे मिळवले, रुपये वेगळे मिळवले. तेच उत्तर.

फरक नव्वदचा. आणे जुळतात, रुपयेच जुळत नाहीत. नव्वदाला नवानं भाग जातो. हे तो स्वतःच नव्या कारकुनांना शिकवायचा : फरकाला नवानं भाग गेला की आधी बघावं, शेजारचे दोन आकडे उलटेपालटे लिहिले गेलेत का. त्यानं गोषवारा उघडला आणि एप्रिलपासून मिळवत निघाला. कोऱ्या कागदावर एक एक महिना वाढवायचा आणि गोषवाऱ्यातलं 'आजवर' पाहायचं. एप्रिल जुळला. मे, जून, जुलै जुळले. ऑगस्टअखेर सात हजार चारशे, जुळले. सप्टेंबरअखेर आठ हजार आठशे सत्त्याण्णव रुपये आठ आणे, तेही जुळले. पान उलटलं. ऑक्टोबरच्या पानाच्या डोक्यावर त्याच्याच हातानं, त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं : मागील पानावरून आणलेले, आठ हजार नऊशे सत्त्याऐंशी रुपये आठ आणे.

आठ-नऊच्या जागी नऊ-आठ. तिथून पुढच्या सगळ्या बेरजा बरोबर होत्या. ऑक्टोबरची कपात बरोबर, नोव्हेंबरची बरोबर, मार्चपर्यंत सगळं बरोबर. फक्त वर्षाच्या डोक्यावर नव्वद रुपये जास्तीचे बसले होते. ते कुणी कापले नव्हते, कुणी खाल्ले नव्हते, कधी नव्हतेच. ते पान दिवाळीच्या बोनसच्या धांदलीत लिहिलं होतं, हे त्याला आठवलं. पण धांदल काय, त्या धांदलीसाठीच तर ताळा होता. एप्रिलात दहा मिनिटं बसला असता तर ही चूक टेबलावरच मेली असती.

बाहेरून माणसं परत येण्याचे आवाज आले. लीलाधरनं यादीवर गोषवारा ठेवला, त्यावर आणखी एक वही ठेवली आणि सगळं खणात सारलं.

इथून पुढचा एक दिवस त्याला जन्मभर आठवला. पत्रकाची मुंबईला गेलेली सुवाच्य प्रत धनसिंगनं लिहिली होती. धनसिंग पगारखात्यातला दुसरा कारकून, त्याच्याहून वयानं मोठा, चष्मा नाकावर घसरलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. लीलाधरच्या मनात आलं : ऑक्टोबरपासूनचे सहा आकडे ब्लेडच्या पातीनं खरवडून दुरुस्त करता येतील. मग चूक फक्त मुंबईच्या प्रतीत राहील आणि ती प्रत धनसिंगच्या हातची आहे. साहेब म्हणतील, नक्कल करताना चुकला. धनसिंगला चार शब्द ऐकावे लागतील. झुलाल परत येईल. सगळ्यांचं निभेल. त्यानं पातीची धार अंगठ्यावर पाहिली. धनसिंग समोरच बसून, जिभेचं टोक बाहेर काढून हजेरीवर रेघा ओढत होता. लीलाधरनं पाती खाली ठेवली. पण उठून साहेबांकडेही गेला नाही. भोंगा वाजल्यावर टोपी घालून घरी निघून गेला.

घरी त्याची बायको इंदिराबाई भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "झुलालभाऊ बिऱ्हाड हलवून धुळ्याला गेले. बहिणीकडे. त्यांची बायको शेवटचे चार दिवस सार्वजनिक नळावर आली नव्हती. बाया भांडं पुढे घेऊ देत नव्हत्या. मीसुद्धा..." ती थांबली. "मीसुद्धा तिच्याशी बोलले नाही. तुम्ही घरी येऊन सांगितलं होतं ना, आपलं पत्रक पक्कं आहे म्हणून."

लीलाधर पाटावरून उठला. भाकरी तशीच राहिली.

सकाळी गिरणीत गेल्यावर मात्र तो सरळ साहेबांकडे गेला नाही. आधी थोडं काम उरकू म्हणून बसला, तो दुपारपर्यंत बसूनच राहिला. एकदा धनसिंगनं विचारलं, "बरं वाटत नाही का भाऊ?" त्या प्रश्नानं तो उठला. गोषवारा आणि यादी घेऊन साहेबांपुढे उभा राहिला. ऑक्टोबरचं पान दाखवलं. साहेबांनी चष्मा वर केला, दोन्ही आकडे पाहिले आणि मोठा श्वास सोडला.

"म्हणजे पैसे गेलेलेच नाहीत. सुटलो. दुरुस्तीचं पत्र लिहा, आजच पाठवू. झुलालला कळवा, कामावर ये म्हणावं."

"साहेब, मी ताळा घेतला नव्हता. घेतला म्हणून सांगितलं."

साहेबांनी गोषवारा मिटला. "हे मला कळलं. गावभर करू नका. फंडाच्या हिशेबात गिरणी चुकली म्हटलं की उद्या युनियनवाले दारात."

"झुलालचं नाव गावभर झालंय, साहेब. फळ्यावर एक कागद लावू या."

"कागद लागणार नाही," साहेब म्हणाले आणि दुसरी फाईल ओढली.

रविवारी लीलाधर एरंडोल-पारोळ्यावरून जाणाऱ्या एस.टी.नं धुळ्याला गेला. झुलालच्या बहिणीचं घर शोधायला वेळ लागला नाही. ती बहीण, सुंदरबाई, दारात शेंगा निवडत होती. पाहुणा जळगावहून आलाय एवढंच तिला कळलं. तिनं घोंगडी टाकली, तांब्या भरून पाणी दिलं.

"झुलाल बजारमा गया शे, आत्ते घर ई. तू गिरणीमा शे का, भाऊ?"

"हो."

"मंग तुले ठाऊक व्हई. मना भाऊ चोर शे का? इतलंच सांग."

"नाही, अक्का."

"मी गल्लीमा बठ्ठास्ले तेच सांगस. कोन्ही तरी आकडा चुकाडा. पन आकडा चुकाडणारानं नाव कोन्ही लेत नही, मना भाऊनंच लेतस." तिनं पदरानं डोळे पुसले आणि उन्हातून आलेल्या लीलाधरपुढे मूठभर शेंगा ठेवल्या. "खा, भाऊ. उनमा उना तू."

लीलाधरनं शेंगांना हात लावला नाही. मीच तो, असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात झुलाल आला. लीलाधरला पाहून तो उंबऱ्यातच थांबला. मग आत येऊन समोर बसला. लीलाधरनं सोबत आणलेली यादी पुढे केली. ऑक्टोबरच्या डोक्यावरचा आकडा कसा उलटा पडला, तो फरक पुढे सहा महिने कसा तसाच चालत आला, सगळं सांगितलं. झुलालनं बारा आकडे वाचले. कॅशियरच तो, मनातल्या मनात मिळवूनही टाकले.

"सतरा हजार नऊशे सोळा, आठ आणे," तो म्हणाला. "हेच तर मी म्हणत होतो."

"चूक माझी झाली, झुलालभाऊ. साहेबांनी कामावर बोलावलंय."

"चूक होते. माझ्याही हातून गड्डीत एखादी नोट जास्त गेलीय." झुलालचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "मला एवढंच सांगा. साहेबांपुढे मी विचारलं, बारा आकडे मिळवले का. तेव्हा मिळवले होते?"

सुंदरबाईचे हात थांबले. तिनं पहिल्यांदाच पाहुण्याकडे नीट बघितलं.

"नाही," लीलाधर म्हणाला.

"त्या दिवशी रात्रभर मी स्वतःलाच विचारत होतो. लीलाधरभाऊंनी ताळा घेतलाय म्हणतात, मग माझ्याकडूनच कुठे पडले का नव्वद रुपये? बायकोला विचारलं, तू तर उचलले नाहीस ना. तिचा बाप मेल्यापासून पहिल्यांदा ती इतकी रडली." झुलालनं यादीची घडी घातली. "हा कागद मी ठेवू का?"

"ठेवा."

"कामावर मी येत नाही. इथे एका कापसाच्या अडत्याकडे काम बघतोय. जळगावात माझ्या हातातून पगार घेताना माणसं आता नोटा दोनदा मोजतील. ते मला सोसायचं नाही."

लीलाधर उठला. सुंदरबाईनं त्याच्यापुढच्या शेंगा गोळा केल्या नाहीत की त्याला बस म्हटलं नाही. तो वाकून तिला नमस्कार करायला गेला, तशी ती पाय मागे घेऊन आत निघून गेली.

जूनच्या सात तारखेला पगार होता. खिडकीबाहेर नेहमीसारखी रांग लागली. कॅशवर नवा माणूस होता आणि लीलाधर त्याच्या शेजारी पत्रक घेऊन नावं पुकारत होता. पहिलं नाव पुकारायच्या आधी तो उठून खिडकीच्या बाहेर आला. त्याला भाषण वगैरे ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "थांबा जरा. झुलालनं फंडाचे पैसे खाल्ले नाहीत. पैसे गेलेच नव्हते. मी आकडा चुकीचा लिहिला आणि ताळा न घेता घेतला म्हणून सही केली. साहेबांपुढे खोटं बोललो. तो निर्दोष आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "आता सांगतोस होय!" आणखी एक जण काही तरी वाईट बोलला. लीलाधरनं ते ऐकून घेतलं आणि आत जाऊन पहिलं नाव पुकारलं. आवाज फाटला, म्हणून पुन्हा पुकारावं लागलं. त्या दिवशी प्रत्येक माणसानं आपला पगार मोजला, आपल्या चिठ्ठीवरची कपात वाचून घेतली आणि जाता जाता लीलाधरच्या तोंडाकडे बघितलं. रांग संपायला संध्याकाळ झाली.

साहेबांनी बोलावून झापलं. हेडक्लार्कचं काम धनसिंगकडे गेलं, लीलाधर रजेच्या नोंदींवर बसला. पगार बारा रुपयांनी उतरला. इंदिराबाई आता मान खाली घालूनच नळावर जाऊ लागली. धनसिंग भला माणूस. दर महिन्याच्या अखेरीला तो म्हणायचा, "भाऊ, जरा बसता का?" मग धनसिंग आकडे वाचायचा, लीलाधर मिळवायचा, आणि नंतर लीलाधर वाचायचा, धनसिंग मिळवायचा. मार्चअखेरीला बाराही आकडे वेगळ्या कागदावर. सत्तावन्न सालच्या एप्रिलात आणे-पै जाऊन नवे पैसे आले, तेव्हा तर दोघांनी एकेक पान तीनदा ताडून पाहिलं. लोक हसायचे. लीलाधरच्या बोलण्यात पूर्वीचा ताठा उरला नव्हता. कुणी साधा हिशेब विचारला तरी तो म्हणे, "थांबा, लिहून बघतो."

पुढे एकोणसाठच्या हिवाळ्यात तो पाचोऱ्याला गाडी बदलायला थांबला होता. फलाटावर झुलाल भेटला. अंगावर चांगला कोट, सोबत दोन व्यापारी. लीलाधरला तोंड लपवावंसं वाटलं, पण झुलालच पुढे आला. कापसाचा भाव बोलला, पोरगी शाळेत जाते म्हणाला, चहा मागवला. व्यापाऱ्यांपैकी एकानं विचारलं, "हे कोण?"

"जळगावच्या गिरणीतले आमचे लीलाधरभाऊ," झुलाल म्हणाला. "आम्ही एकत्र कामाला होतो."

बस एवढंच. लीलाधर वाट बघत होता की तो आणखी काही तरी बोलेल, निदान आवाजात तरी काही येईल. काही आलं नाही. व्यापाऱ्यानं हात जोडून नमस्कार केला, लीलाधरनंही केला. बशीतला चहा थंड होत गेला. गाडी आली तेव्हा चहाचे पैसे झुलालनं दिले, आणि लीलाधरला ते देऊ द्यावे लागले.